ताईला किंवा दादाला ‘तुझ्यामुळे झालं’ हे कसं सांगावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या वर्षी मी माझ्या ताईला एक पत्र लिहिलं. हे दोघातिघांना सांगितलं आणि मग ज्याला त्याला हाच विषय काढायचा होता असं दिसलं. कुणाच्या दादानं दहावीनंतर गॅरेज धरलं होतं, कुणाच्या ताईचं लग्न धाकट्याच्या शिक्षणासाठी चार वर्षं पुढे गेलं होतं. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो. उदाहरण बहुतेक ठिकाणी माझ्याच घरचं आहे, कारण तेवढंच मला आतून माहीत आहे.

आपल्याकडे बहिणीचे कधी आभार मानतात का? परक्यासारखं नाही वाटत?

वाटतं, आणि वाटायलाच पाहिजे. मराठीत ‘आभार’ हा शब्द कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या ओळीत असतो. आभारप्रदर्शन सुरू झालं की मागच्या रांगेतले लोक चपला शोधायला लागतात. ‘धन्यवाद’ बँकेच्या मेसेजमध्ये असतो. ‘थँक्यू’ चहावाल्याला म्हणतो. तिन्ही शब्द ताईसमोर उभे राहून म्हटले तर ती आधी विचारेल, बरं आहे ना तुझं?

‘उपकार’ आणि ‘ऋण’ हे दोन शब्द तर घरात आणूच नयेत. ‘तुझे उपकार फेडू शकत नाही’ म्हटलं की समोरची व्यक्ती सावकार होते आणि आपण कुळ. तिला ते नको असतं.

पण आपल्या भाषेत यासाठी वाक्यंच नाहीत असं नाही. ‘तुझ्यामुळे झालं.’ ‘तू होतीस म्हणून निभावलं.’ ‘तेव्हा मला कळलं नव्हतं, आता कळतंय.’ ‘हे माझ्या लक्षात आहे बरं का.’ ही वाक्यं आपण एरवी किरकोळ गोष्टींसाठीही वापरतो, म्हणून ती तोंडात अवघडत नाहीत. मला स्वतःला ‘लक्षात आहे’ हे सगळ्यात आवडतं. मोठ्या भावंडाला बहुतेक वेळा परतफेड नको असते. ते कुणी पाहिलं होतं की नाही, एवढंच कुठे तरी आत राहिलेलं असतं.

नेमकं कशाबद्दल सांगायचं? सगळंच तर केलंय तिनं.

‘सगळं’ म्हटलं की काहीच म्हटल्यासारखं होत नाही. एक गोष्ट धरावी, आणि ती इतकी बारीक असावी की ती तुमच्याच घरात घडलेली असू शकेल.

माझ्या बाबतीत ती गोष्ट होती मनीऑर्डर. बाबांचं टेलरिंगचं दुकान होतं. रेडिमेड कपडे आले आणि ते हळूहळू बसलं. कुणी आजारी पडलं नाही, काही कोसळलं नाही, फक्त दर दिवाळीला शिवायला येणारे कपडे कमी होत गेले. ताईला बारावीला चांगले मार्क होते आणि बी.एस्सी. करायचं होतं. तिनं डी.एड. केलं, कारण दोन वर्षांत नोकरीची आशा होती. २००१ मध्ये ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागली. ही योजना तेव्हा नवीनच होती, २००० मध्ये सुरू झालेली. पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. प्राथमिकला महिना ३,००० रुपये.

त्याच वर्षी मी दहावी होऊन डिप्लोमाला बाहेरगावी हॉस्टेलवर गेलो. दर महिन्याला तिच्याकडून १,२०० रुपयांची मनीऑर्डर यायची. पोस्टमन मेसच्या दारात थांबायचा, सही घ्यायचा, नोटा मोजून द्यायचा आणि फॉर्मचं खालचं कुपन फाडून हातात ठेवायचा. त्या कुपनावर पाठवणाऱ्याला दोन-तीन ओळी लिहायला जागा असायची. ताई तिथे ‘पोचले की कळव’ आणि ‘दूध पीत जा’ एवढंच लिहायची.

ही कुपनं मी टाकली नव्हती, पण जपलीही नव्हती. एका जुन्या फायलीत राहून गेली होती. मागच्या वर्षी घर बदलताना सापडली आणि मी पहिल्यांदाच गणित केलं. मनीऑर्डरला पोस्ट वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन घ्यायचं. म्हणजे १,२०० रुपये पाठवायला वर ६० रुपये. ३,००० मधून १,२६० गेले की राहिले १,७४०. त्यात तिचं खोलीभाडं, एस.टी.चा पास, जेवण. आणि मानधन एक तारखेला येईलच असं नव्हतं. मनीऑर्डर मात्र दहा तारखेच्या आत यायची. ज्या महिन्यात मानधन आलं नसेल त्या महिन्यात ती काय करत असेल, हा प्रश्न मला सोळाव्या वर्षी पडला नाही. तो चाळिशीत पडला.

तुमच्याकडे कुपनं नसतील. मग दुसरं काही शोधा: जुनं पासबुक, फीच्या पावत्या, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाच्या अल्बममधली तारीख. दादानं शाळा कोणत्या वर्षी सोडली आणि तुमची फी कोणत्या वर्षी भरली गेली, या दोन तारखा शेजारी ठेवल्या तरी बरंच दिसतं. आईला किंवा मावशीला विचारा, पण ‘तिनं माझ्यासाठी काय केलं’ असं नको. ‘त्या वर्षी घर कसं चालत होतं?’ असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला जास्त खरी उत्तरं येतात.

नाट्य होऊ द्यायचं नाही म्हणजे नेमकं काय टाळायचं?

माझ्या पत्राचा पहिला खर्डा वाचायला मिळाला असता तर हे लगेच कळलं असतं. त्यात मी लिहिलं होतं की ‘तू मेणबत्तीसारखी जळत राहिलीस आणि मला उजेड दिलास.’ हे लिहिताना माझे डोळे भरून आले होते, म्हणजे पत्र कुणासाठी चाललं होतं ते उघड आहे. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा लाज वाटली. ताई पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे, मुख्याध्यापिका आहे, तिचा संसार आहे, शाळेतल्या पोरांवर तिचा दरारा आहे. ती कुठे जळली? तिला जळलेली म्हणणं म्हणजे तिचं आयुष्य वाया गेलं असं तिच्याच तोंडावर सांगणं.

दुसरी चूक जास्त बारीक होती. मी लिहिलं होतं, ‘माझ्यासाठी तू बी.एस्सी. सोडलंस.’ हे पूर्ण खरं नाही. ती डी.एड.ला गेली तेव्हा मी आठवीत होतो, माझ्या डिप्लोमाचा पत्ताही नव्हता. तिनं घर पाहून निर्णय घेतला होता. त्याचा फायदा मला नंतर मिळाला. प्रत्येक गोष्ट आपल्यासाठी होती असं समजणं हाही धाकट्या भावंडाचा एक जुना रोग आहे. जेवढं खरंच आपल्यासाठी होतं तेवढंच मोजावं. ते पुरेसं असतं.

कसोटी सोपी आहे. वाक्य मोठ्यानं वाचा आणि ताई त्यावर ‘काहीतरीच!’ म्हणेल का ते पाहा. म्हणणार असेल तर काढून टाका. मनीऑर्डरच्या कमिशनवर ती ‘काहीतरीच’ म्हणू शकत नाही.

प्रत्यक्ष सांगावं, फोनवर, की लिहून?

ज्या घरात असं बोलायची सवयच नाही तिथे मी लिहून द्या म्हणेन. कारण बोलताना समोरच्यावर लगेच काहीतरी उत्तर देण्याची पाळी येते. पत्र तिला एकटीनं वाचता येतं, दोनदा वाचता येतं, आणि त्यावर न बोलायचा हक्कही राहतो.

व्हॉट्सॲपवर पाठवू नका असं मी म्हणत नाही. पण कुटुंबाच्या ग्रुपवर नको. तिथे खाली लगेच चार हात जोडलेल्या खुणा येतात, काका एक सुविचार टाकतात, आणि ताईलाही सगळ्यांसमोर काहीतरी गोड लिहावं लागतं. पन्नासाव्या वाढदिवसाला माईक हातात घेऊन सांगणं तर त्याहून अवघड. एका मित्रानं दादाच्या गृहप्रवेशाला हे केलं. ‘दादानं माझी फी भरायला आईच्या पाटल्या मोडल्या’ हे त्यानं पन्नास लोकांसमोर सांगितलं. त्यातले वीस जण वहिनींच्या माहेरचे होते. दादानं ही गोष्ट पंधरा वर्षं कुणाला कळू दिली नव्हती. तंगीचे दिवस हे ज्याचे त्याचे असतात, ते परस्पर चारचौघांत मांडू नयेत.

प्रत्यक्षच बोलायचं असेल तर दोघांचे हात कशात तरी गुंतलेले असताना बोलावं. मेथी निवडताना, गाडीतून जाताना, गच्चीवर कुरडया घालताना. समोरासमोर बसून डोळ्यांत पाहून बोललं की कीर्तन होतं. शेजारी बसून बोललं की गप्पा होतात.

भाऊबीज, राखी वगैरे दिवस निवडावा का, असंही विचारतात. निवडा हवं तर, पण ओवाळणीच्या ताटासमोर नको. त्या दिवशी घरात गडबड असते, आणि ताटात टाकलेल्या पाकिटाबरोबर बोललेलं वाक्य पाकिटाचंच होऊन जातं. आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी बघा.

पत्र किती मोठं असावं? नमुना मिळेल का?

एक पान. त्याहून लांब झालं तर आपण स्वतःबद्दल लिहायला लागलो आहोत असं समजावं. माझं शेवटी पाठवलेलं पत्र असं होतं:

> ताई,
>
> परवा सामान आवरताना तुझ्या मनीऑर्डरची कुपनं सापडली. सत्तावीस आहेत, तीन कुठेतरी गेली. प्रत्येकावर बाराशे रुपये. तुझं मानधन तीन हजार होतं हे मला तेव्हाही माहीत होतं, पण बाराशे पाठवायला वर साठ रुपये लागायचे हे मी कधी धरलंच नव्हतं. म्हणजे महिन्याला तुझ्याकडे सतराशे चाळीस उरत होते.
>
> अजून एक. बी.एस्सी.च्या प्रवेशाचा फॉर्म तू आणून ठेवला होतास. तो बरेच दिवस आपल्या टेबलावर पडून होता आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी बीजगणित सोडवलं. तू काही बोलली नाहीस. तेव्हा मला काही वाटलं नाही. आता वाटतं.
>
> माझा डिप्लोमा पुरा झाला तो तुझ्यामुळे. हे मी तुला कधी म्हटलं नव्हतं म्हणून लिहिलं.
>
> दिवाळीला पाडव्याच्या संध्याकाळी पोचतो. चकलीत तिखट जरा कमी घाल, पोरं खात नाहीत.
>
> बाळू

शेवटची चकलीची ओळ बायकोला खटकली. एवढं लिहून मध्येच चकली कशाला, असं तिचं म्हणणं. पण ती ओळ नसती तर ताईला पत्र संपल्यावर त्याच शांततेत बसून राहावं लागलं असतं. चकलीमुळे तिला उत्तर द्यायला एक जागा मिळाली. पाहिजे तर फक्त चकलीबद्दल बोलावं आणि बाकीचं सोडून द्यावं.

आणखी एक गोष्ट पाहा. पत्रात ‘माफ कर’ नाही. बीजगणिताच्या फॉर्मबद्दल मी माफी मागायला गेलो असतो तर तिला मला समजवायचं काम लागलं असतं. ‘अरे, तू लहान होतास’ हे वाक्य तिच्याकडून वसूल करायला मी पत्र लिहीत नव्हतो.

ताई विषयच बदलते. ‘मी काय वेगळं केलं, सगळे करतात’ म्हणते. मग?

मग काही नाही. तिनं विषय बदलला म्हणजे ऐकलं नाही असं नसतं. आपलं वाक्य एकदा पूर्ण म्हणा आणि तिच्याबरोबर पुढच्या विषयावर जा. ‘नाही नाही, तू ऐकच’ म्हणून हट्ट धरलात की नाट्य तिथेच सुरू होतं.

त्या पिढीतल्या मोठ्या मुलींना ‘त्याग’ हा शब्द आवडत नाही, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिलंय. थोरलीनं करायचंच असतं, असं समजूनच त्या वाढल्या. त्याला तुम्ही त्याग म्हणालात की तिला दोनच वाटा उरतात: तुमचं म्हणणं खोडणं किंवा आपल्यावर अन्याय झाला होता हे मान्य करणं. दुसरी वाट तिला या वयात नको असते. म्हणून शब्द न वापरता गोष्ट सांगावी. ‘तू पाठवलेल्या पैशांतून मी ड्रॉइंगचा बोर्ड घेतला, तो अजून माझ्याकडे आहे’ हे ती शांतपणे ऐकून घेते.

पैसे परत द्यावेत का?

मागितल्याशिवाय हिशोब मांडू नये. ३० मनीऑर्डरींचे ३६,००० रुपये आजच्या भावानं किती होतील, असं काढून पाकीट देणं म्हणजे ते कर्ज होतं असं ठरवून खातं बंद करणं. काही भावंडांना ते खरोखर टोचतं.

पण पैशाचा विषयच काढायचा नाही हाही ढोंगीपणा आहे, विशेषतः धाकट्याचं बरं चाललंय आणि थोरल्याचं जेमतेम आहे अशा घरात. दादानं शिक्षण सोडून रिक्षा चालवली, तुम्ही पुण्यात दोन फ्लॅट घेतले, आणि तुम्ही त्याला सुंदर पत्र देता. तो वाचेल, घडी घालून ठेवेल, आणि रिक्षाचा हप्ता भरायला जाईल. तिथे पत्राआधी हप्ता बघावा. मदत ‘परतफेड’ म्हणून न देता चालू गरजेला जोडावी: पुतणीची फी, गुडघ्याचं ऑपरेशन, गळकं छप्पर. आणि विचारून द्यावी, परस्पर नाही. भावाबहिणीनं दिलेल्या भेटीवर घेणाऱ्याला आयकर लागत नाही, तेव्हा ती खात्यातून सरळ देता येते. रोख पाकिटाची लपवाछपवी करावी लागत नाही.

ताईनं शेतीच्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र करून दिलं होतं. त्याबद्दल आभार कसे मानू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि त्यावर माझं मत जरा कडक आहे.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं लागतात. मग एक दिवस बहिणींना तालुक्याला बोलावतात, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा आणि फोटो होतो, जेवण होतं, साडी दिली जाते, आणि ताई संध्याकाळच्या गाडीनं परत जाते. कायद्यानं तिचा हिस्सा भावाइतकाच असतो. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल यांनी वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा जन्मतः हक्क स्पष्ट केला आहे. म्हणजे ताईनं सोडलं ते नाव नव्हे, जमीन सोडली.

आता दोन गोष्टी वेगळ्या करा. तिनं मनानं दिलं असेल, तुमची ओढाताण पाहून दिलं असेल, तर आभार मानायला जागा आहे. पण ‘सगळ्या बहिणी देतात, माहेर तुटायला नको’ म्हणून दिलं असेल, तर तिथे आभार मानणं हे जरा सोयीचं होतं. आधी विचारा: ‘ताई, तेव्हा तुला सही करायची होती का?’ आणि उत्तर ऐकायची तयारी नसेल तर विचारू नका.

काही जणांना ऐकल्यावर हिस्सा परत द्यावासा वाटतो. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र ‘आता नको’ म्हणून मागे घेता येत नाही. त्यासाठी तुमच्या नावच्या जमिनीतून तिच्या नावानं नोंदणीकृत बक्षीसपत्र करावं लागतं. नाममात्र मुद्रांक शुल्काची जी सवलत ऐकिवात असते ती नवरा-बायको, मुलं, नातवंडं, मृत मुलाची पत्नी यांच्यासाठी, आणि राहतं घर किंवा शेतजमिनीला आहे. भावाबहिणीला ती मिळत नाही, तिथे किमतीच्या टक्क्यानं शुल्क पडतं. एवढं कागदाचं काम वकिलाकडून समजून घेऊन मगच ताईकडे तोंड उघडा. ‘परत देतो’ म्हणून मग ‘बघू, खर्च फार आहे’ म्हणणं हे काहीच न म्हणण्यापेक्षा वाईट.

दादाच्या बाबतीत वेगळं काही?

दोन गोष्टी. पहिली, दादाला पत्र दिलं तर तो ते तुमच्यासमोर कधीच वाचणार नाही, आणि वाचलं हेही सांगणार नाही. एका मैत्रिणीनं दादाला लिहिलं, दोन महिने काही नाही. मग एकदा त्याच्या मोटारसायकलची कागदपत्रं शोधताना डिकीतल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, पीयूसीच्या मागे, ते पत्र दिसलं. तिनं ते परत तसंच ठेवलं.

दुसरी, वहिनी. दादानं लग्नानंतर तुमची फी भरली असेल तर ती अर्धी वहिनींनी भरली आहे. त्यांच्या अंगावर नवी साडी आली नाही त्या वर्षी, किंवा त्यांचं मंगळसूत्र गहाण होतं. दादाला पत्र आणि वहिनींना नुसती दिवाळीची साडी, हे बरोबर नाही. ताईचं लग्न झालेलं असेल तर दाजींचंही तसंच. मी पत्रात दाजींचा उल्लेख केला नाही कारण मनीऑर्डरी ताईच्या लग्नाआधीच्या होत्या. पण त्यांना नंतर वेगळं सांगितलं की ताईला पत्र लिहिलंय. नाहीतर घरात अचानक पत्र कशाला आलं, हा एक नवाच विषय झाला असता.

दादा सारखा ऐकवतो, ‘मी तुझ्यासाठी काय काय केलं.’ त्याला पुन्हा आभार कशाला?

माझा अनुभव असा की जो सारखा ऐकवतो त्याला बहुतेक वेळा कुणी नेमकं कधी सांगितलेलं नसतं. घरच्यांनी ‘हो रे, तू केलंस’ म्हणून वाटेला लावलेलं असतं. एकदा तपशिलासकट सांगून पाहा. काहींचं ऐकवणं त्यानंतर कमी होतं.

काहींचं होत नाही. तो तुमच्या लग्नात, घरखरेदीत, मुलांच्या शाळेतही त्या जोरावर निर्णय घेऊ पाहत असेल तर दोन्ही गोष्टी एकत्र म्हणता येतात: ‘तू माझी फी भरलीस हे मी विसरणार नाही. घर मात्र आम्ही दोघं ठरवू.’ मधे ‘पण’ घातला नाही तर बरं, त्यानं पहिलं वाक्य पुसलं जातं.

ज्यांना सांगायचं ते आता नाहीत. मग?

त्यांच्या मुलांना सांगा. वर्षश्राद्धाच्या गर्दीत नको, एरवी. मुलांना आपला बाप रागीट, कमी बोलणारा म्हणून आठवत असतो. तो एकोणिसाव्या वर्षी पहाटे दूध घालून मग कारखान्यात जायचा आणि त्यातून काकाची वह्या-पुस्तकं यायची, हे त्यांना कुणीच सांगितलेलं नसतं.

तुमच्या ताईनं काय उत्तर दिलं?

आठ दिवस काही नाही. मग नेहमीसारखा रविवारचा फोन आला. आईची गोळी, पाऊस, शाळेतली कामं, सगळं झालं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, “पत्र आलं तुझं. पोस्टाचं कमिशन बरं लक्षात राहिलं रे.” मी म्हटलं, कुपनांवरून काढलं. ती म्हणाली, “एक चुकलंय त्यात.”

मला वाटलं बी.एस्सी.च्या फॉर्मचं असेल. ते नव्हतं. “बाराशे माझे नव्हते सगळे. नऊशे माझे. तीनशे आई द्यायची. ब्लाउजला हुक-काजं करून. मी शनिवारी घरी आले की हातात ठेवायची, आणि तुला सांगू नको म्हणायची, नाहीतर तू मागवणार नाहीस.”

मी हिशोब परत केला. म्हणजे ताईकडे महिन्याला २,०४० उरत होते, आणि आई एका ब्लाउजचे काही आणे घेऊन दर महिन्याला तीनशे जमवत होती. बाबांच्या दुकानातलं काम कमी झालं होतं तेव्हा ती बाहेरच्या दुकानांचं आणत असणार.

दिवाळीत गेलो तेव्हा ताईनं पत्र कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवलं, वर लाल पेन. शाळेतल्या बाई त्या. “दुरुस्त करून दे,” म्हणाली. मी सतराशे चाळीस खोडून दोन हजार चाळीस केलं आणि खाली आईची ओळ लिहिली. आई तिथेच बसून चकल्यांचा डबा भरत होती. काय लिहितोयस म्हणून विचारलं तिनं. मी म्हटलं, हुक-काजं किती पैशाला एक करायचीस तू तेव्हा? तिनं ताईकडे बघितलं, मग डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, “डझनाचा भाव होता तो. एकाचा नाही.”